मसावि-लसाविचा ताळा: गुणाकार जुळला तरी उत्तर चुकीचे कसे असते

३६४ आणि ४२० या संख्यांचा मसावि ४ आणि लसावि ३८२२० असे उत्तर एका विद्यार्थिनीने वहीत लिहिले होते. तिने त्याखाली रेघ मारून ताळाही केला होता. ३६४ × ४२० = १५२८८०, आणि ४ × ३८२२० = १५२८८०. दोन्ही गुणाकार तंतोतंत जुळले, म्हणून तिने उत्तराभोवती चौकट केली. तरीही उत्तर चुकले आहे. या दोन संख्यांचा मसावि २८ आणि लसावि ५४६० आहे. २८ × ५४६० हा गुणाकारही १५२८८० एवढाच येतो, हे वाचकाने स्वतः करून पाहावे.

म्हणजे एकाच ताळ्यातून बरोबर उत्तरही पार पडले आणि चुकीचे उत्तरही पार पडले. यात ताळ्याचा नियम खोटा ठरत नाही. ‘मसावि × लसावि = त्या दोन संख्यांचा गुणाकार’ हा नियम पूर्णपणे खरा आहे. मात्र त्याचा उलट अर्थ, म्हणजे ‘गुणाकार जुळला की उत्तर बरोबर’, हा खरा नाही, आणि सहावी-सातवीच्या वर्गांत बहुतेक मुले नेमका हाच अर्थ धरून चालतात. हा ताळा कोणती चूक पकडतो, कोणती चूक त्याच्या हातून सुटते आणि सुटलेली चूक पकडण्यासाठी त्याच्या जोडीला काय करावे, हे या लेखात क्रमाने पाहू. आधी एक सरळ उदाहरण पूर्ण सोडवू आणि मग या ३६४-४२० कडे परत येऊ.

अवयवांपासून सुरुवात

५०४ आणि ७०० या संख्या घेऊ. उभ्या मांडणीने त्यांचे मूळ अवयव पाडले, की पान असे दिसते:

```
२ | ५०४        २ | ७००
२ | २५२        २ | ३५०
२ | १२६        ५ | १७५
३ |  ६३        ५ |  ३५
३ |  २१        ७ |   ७
७ |   ७             १
     १
```

इथेच, मसावि काढण्याच्याही आधी, दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली अशी, की रेघेच्या डावीकडच्या संख्यांचा गुणाकार करत खाली यावे: २ × २ = ४, ४ × २ = ८, ८ × ३ = २४, २४ × ३ = ७२, ७२ × ७ = ५०४. मूळ संख्या परत मिळाली, याचा अर्थ एकही अवयव गळलेला नाही आणि एकही जास्तीचा आलेला नाही. दुसऱ्या स्तंभातही तसेच करावे. दुसरी गोष्ट म्हणजे डावीकडची प्रत्येक संख्या खरोखर मूळ आहे का, हे पाहावे. या उदाहरणात २, ३, ५ आणि ७ एवढ्याच संख्या असल्यामुळे प्रश्न येत नाही. पण ही दुसरी तपासणी पहिलीत आपोआप होत नाही, हे लक्षात ठेवावे. ३६४ चे अवयव २ × २ × ९१ असे लिहिले तर गुणाकार ३६४ च येतो, आणि ९१ मूळ आहे की नाही याबद्दल तो गुणाकार काहीच सांगत नाही.

आता अवयव एकाखाली एक लिहावेत. ही आडवी मांडणी करताना सारख्या अवयवाखाली सारखाच अवयव यावा, आणि जिथे जोडीदार नसेल तिथे जागा मोकळी सोडावी. मोकळी जागा सोडण्याची ही सवय फार उपयोगी आहे, कारण मसावि आणि लसावि हे दोन्ही नंतर नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात.

```
५०४ = २ × २ × २ × ३ × ३         × ७
७०० = २ × २             × ५ × ५ × ७
```

ज्या स्तंभात वर आणि खाली दोन्हीकडे अवयव आहे, ते स्तंभ मसाविचे. असे स्तंभ तीन आहेत: २, २ आणि ७. म्हणून मसावि = २ × २ × ७ = २८. लसाविसाठी मात्र प्रत्येक स्तंभ एकदा घ्यायचा, मग तो भरलेला असो वा अर्धा मोकळा: २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ५ × ७. यातील ८ आणि ९ यांचे ७२, त्याला २५ ने गुणून १८००, आणि १८०० ला ७ ने गुणून १२६००. लसावि १२६०० झाला.

गुणाकाराचा ताळा, आणि तो का जुळतो

५०४ × ७०० = ३५२८००. आणि २८ × १२६०० = ३५२८००. ताळा जुळला.

हा ताळा जुळतो याचे कारण वरच्या मांडणीतच आहे. दोन्ही ओळींत मिळून जेवढे अवयव लिहिले आहेत, तेवढ्या सगळ्यांचा गुणाकार म्हणजे ५०४ × ७००. आता प्रत्येक स्तंभाकडे पाहा. स्तंभ पूर्ण भरलेला असेल, तर त्यात अवयव दोनदा आहे, आणि आपण तो एकदा मसाविला आणि एकदा लसाविला दिला. स्तंभ अर्धा मोकळा असेल, तर अवयव एकदाच आहे, आणि तो आपण फक्त लसाविला दिला. म्हणजे पानावरचा प्रत्येक अवयव नेमका एकदा वाटला गेला. एकही उरला नाही आणि एकही दोनदा मोजला गेला नाही. दोन भावांत शेत वाटले, तरी दोघांच्या वाट्यांची बेरीज मूळ शेताएवढीच राहते, तसाच हा प्रकार आहे.

घातांकांच्या भाषेत सांगायचे तर, एका संख्येत २ हा अवयव तीनदा आहे आणि दुसरीत दोनदा आहे. मसाविला त्यातला लहान आकडा मिळतो, म्हणजे दोन, आणि लसाविला मोठा मिळतो, म्हणजे तीन. तीन आणि दोन यांची बेरीज कोणत्याही क्रमाने पाचच होते.

या स्पष्टीकरणात एक बारकावा आहे, आणि पुढचे सगळे विवेचन त्यावरच उभे आहे. वाटणी बरोबर झाली हे सांगताना आपण अवयव मूळ आहेत ही गोष्ट कुठेही वापरली नाही. ‘सारखे अवयव एकाखाली एक लिहिले आणि स्तंभ वाटून दिले’ एवढेच आपण म्हटले. म्हणून स्तंभात मूळ नसलेली संख्या शिरली, तरी वाटणी पूर्णच होणार आणि गुणाकार जुळणारच.

मोठे गुणाकार टाळायचे असतील, तर हाच ताळा सोप्या रूपात करता येतो. आधी एका संख्येला मसाविने भागावे आणि जे येईल त्याने दुसऱ्या संख्येला गुणावे: ५०४ ÷ २८ = १८, आणि १८ × ७०० = १२६००. हा लसावि यायला हवा. या रीतीचा आणखी एक फायदा असा, की पहिलाच भागाकार निःशेष झाला नाही, तर मसावि चुकल्याचे तिथल्या तिथे कळते. परीक्षेत कच्च्या कामासाठी मी हीच रीत सुचवीन.

ताळा जुळला नाही, तर त्याच्याकडून काय कळते

ताळा जुळला नाही की बहुतेक मुले सगळे गणित खोडून नव्याने सुरू करतात. तसे करण्याची गरज नसते. दोन गुणाकारांपैकी मोठ्याला लहानाने भागावे. जो भागाकार येतो, तो चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा दाखवतो.

समजा, वरच्याच उदाहरणात एखाद्याने मसावि काढताना २ हा अवयव ‘दोन्हीत आहे’ एवढेच पाहिले, पण तो दोन्हीत दोनदा आहे हे पाहिले नाही. मग मसावि २ × ७ = १४ येईल, आणि लसावि बरोबर म्हणजे १२६०० असेल. १४ × १२६०० = १७६४००. संख्यांचा गुणाकार ३५२८००. भागल्यावर २ येतात. म्हणजे उत्तरात कुठेतरी एक २ कमी पडला आहे, आणि तो मसाविच्या किंवा लसाविच्या ओळीत शोधायचा आहे. दुसऱ्या कोणी लसाविमध्ये ३ एकदाच घेतला, तर लसावि ४२०० येतो आणि २८ × ४२०० = ११७६००. आता भागाकार ३ येतो. गळलेल्या अवयवाचे नावच हाती लागते.

कधी उलटे होते आणि मसावि × लसावि हाच गुणाकार मोठा निघतो. लसावि काढताना स्तंभ एकदा न घेता दोन्ही ओळींतले सगळे अवयव घेतले, तर लसाविच्या जागी ३५२८०० येतात. त्याला २८ ने गुणले, की गुणाकार हव्या त्या गुणाकाराच्या २८ पट होतो. पट बरोबर मसाविएवढी आली, तर हीच चूक झाली असे बेलाशक समजावे.

आणि भागाकार पूर्ण जातच नसेल, तर? उदाहरणार्थ ८ × ९ × २५ × ७ करताना हातचा चुकून १२५०० लिहिले गेले, तर २८ × १२५०० = ३५०००० येतात, आणि ३५२८०० ला ३५०००० ने निःशेष भाग जात नाही. अशा वेळी बहुधा अवयव बरोबर असतात आणि फक्त गुणाकार चुकलेला असतो. म्हणून आधी गुणाकारच पुन्हा करावा.

ताळा जुळतो, पण उत्तर चुकलेले असते: दोन प्रसंग

पहिला प्रसंग फार साधा आहे आणि म्हणूनच तो सर्रास आढळतो. मुलाने मसावि १४ काढला, म्हणजे चुकीचा. मग अवयवांवरून लसावि काढण्याऐवजी त्याने सूत्र वापरले: ३५२८०० ÷ १४ = २५२००. आणि मग ताळा केला: १४ × २५२०० = ३५२८००. हा ताळा जुळलाच पाहिजे, कारण त्याने भागाकार केला आणि तोच भागाकार गुणाकार करून उलट फिरवला. यात मसाविची तपासणी कुठेच झाली नाही. मसावि ५ धरला असता, तरी ७०५६० हा लसावि मिळाला असता आणि गुणाकार जुळला असता. वास्तविक ५ ने ५०४ ला भागही जात नाही. नियम असा ठेवावा: ज्या सूत्राने लसावि काढला, त्याच सूत्राने त्याचा ताळा करू नये. लसावि अवयवांवरून काढला असेल तर गुणाकाराचा ताळा अर्थपूर्ण असतो, आणि सूत्राने काढला असेल तर अवयवांवरून ताळा घ्यावा.

दुसरा प्रसंग आपल्या ३६४ आणि ४२० चा आहे. त्या विद्यार्थिनीने सूत्राने लसावि काढला नव्हता. तिने दोन्ही संख्यांचे अवयव पाडले, नीट स्तंभ मांडले, आणि मसावि व लसावि वेगवेगळे काढले. तिची मांडणी अशी होती:

```
३६४ = २ × २             × ९१
४२० = २ × २ × ३ × ५ × ७
```

३६४ ला दोनदा २ ने भागल्यावर ९१ उरले. विषम संख्या, अंकांची बेरीज १० म्हणून ३ ने भाग जात नाही, आणि एकक स्थानी १ म्हणून ५ नेही जात नाही. पाढ्यांतही ९१ कुठे फारसे भेटत नाहीत. म्हणून तिने ९१ ही मूळ संख्या समजून तिथेच काम थांबवले. ९१ = ७ × १३. हा ७ जर सुटा झाला असता, तर तो खालच्या ७ च्या डोक्यावर येऊन स्तंभ भरला असता आणि मसाविला आणखी एक ७ मिळाला असता. तो ९१ च्या आत अडकून राहिला, म्हणून मसावि सातपट लहान आणि लसावि सातपट मोठा झाला. एक सातपट कमी, दुसरा सातपट जास्त, आणि गुणाकार होता तसाच राहिला.

इथे एक गंमतीची गोष्ट आहे, जी शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. दोन्ही संख्यांमध्ये ९१ असता, तर ही चूक कधीच बाहेर आली नसती. १८२ आणि २७३ यांचे अवयव २ × ९१ आणि ३ × ९१ असे पाडले, तरी मसावि ९१ आणि लसावि ५४६ हे बरोबरच येतात. म्हणून एखादे मूल कित्येक गणिते बरोबर सोडवत असते आणि तरीही ९१ ला मूळ समजत असते. एका संख्येत ९१ आणि दुसरीत सुटा ७ किंवा १३ आला, की मगच ते फसते.

अशा फसव्या संख्या फार नाहीत. ५१ = ३ × १७, ५७ = ३ × १९, ८७ = ३ × २९, ९१ = ७ × १३, ११९ = ७ × १७, १३३ = ७ × १९ आणि १४३ = ११ × १३ या शालेय गणितांत वारंवार येतात. पहिल्या तिघी ३ च्या कसोटीने लगेच सापडतात, पण पुढच्या चौघींसाठी प्रत्यक्ष भागूनच पाहावे लागते. भागून पाहताना कुठे थांबायचे, याचाही नियम आहे. २, ३, ५, ७, ११, १३ अशा मूळ संख्यांनी क्रमाने भागत जावे, आणि ज्या मूळ संख्येचा वर्ग आपल्या संख्येपेक्षा मोठा होतो, तिथे थांबावे. ९१ साठी ७ पर्यंत जाणे भाग आहे, कारण ७ चा वर्ग ४९ आहे. ११ चा वर्ग १२१ होतो, म्हणून ११ पासून पुढे पाहण्याची गरज नाही. त्या वहीत ५ पाशी थांबले गेले होते. एक पायरी आधी.

सुटलेली चूक पकडणारा ताळा

गुणाकाराच्या ताळ्याला जी चूक दिसत नाही, ती एकाच जातीची असते: मसाविला मिळायला हवा होता तो अवयव त्याला मिळाला नाही, किंवा त्याच्या वाट्याचा नसलेला अवयव त्याच्याकडे आला. म्हणून मसाविचीच स्वतंत्र परीक्षा घेतली पाहिजे. ती दोन पायऱ्यांची आहे.

पहिल्या पायरीत दोन्ही संख्यांना मसाविने भागावे. दोन्ही भागाकार निःशेष झाले पाहिजेत. तसे झाले नाही, तर ती संख्या दोघींची विभाजकच नाही, मग महत्तम असण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या पायरीत जे दोन भागाकार आले, ते सहमूळ आहेत का, म्हणजे १ शिवाय त्यांना दुसरा सामाईक विभाजक नाही ना, हे पाहावे. भागाकारांत अजून काही सामाईक उरले असेल, तर तेवढे मसाविमध्ये यायचे राहून गेले आहे.

५०४ ÷ २८ = १८ आणि ७०० ÷ २८ = २५. १८ मध्ये फक्त २ आणि ३ हे अवयव आहेत, आणि २५ मध्ये फक्त ५. सामाईक काही नाही, म्हणून २८ हाच मसावि. इथे सहमूळ आणि मूळ यांत गल्लत करू नये: १८ आणि २५ यांपैकी एकही संख्या मूळ नाही, तरी त्या परस्परांशी सहमूळ आहेत.

आता त्या वहीतल्या उत्तराची अशीच परीक्षा घेऊ. ३६४ ÷ ४ = ९१ आणि ४२० ÷ ४ = १०५. दोन्ही भागाकार निःशेष झाले, म्हणजे पहिली पायरी पार पडली. आता ९१ आणि १०५ सहमूळ आहेत का? हे पाहण्यासाठी पुन्हा अवयव पाडू नयेत, यावर माझा विशेष भर आहे. ज्या डोळ्यांना मघाशी ९१ मूळ वाटली, त्या डोळ्यांना ती आताही मूळच वाटणार, आणि ‘९१ मूळ आहे, १०५ मध्ये ९१ नाही, म्हणून दोन्ही सहमूळ’ असा निष्कर्ष निघून चूक दुसऱ्यांदा निसटणार. ताळा हा मूळ रीतीहून वेगळ्या वाटेने जाणारा असला, तरच तो ताळा.

ती वेगळी वाट म्हणजे परस्पर भागाकार. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे, मग त्या भाजकाला बाकीने भागावे, आणि बाकी शून्य येईपर्यंत असेच करत राहावे. शेवटचा भाजक हाच त्या दोन संख्यांचा मसावि असतो.

```
१०५ = १ × ९१ + १४
 ९१ = ६ × १४ + ७
 १४ = २ × ७  + ०
```

शेवटचा भाजक ७ आला. म्हणजे ९१ आणि १०५ सहमूळ नाहीत, त्यांच्यात ७ सामाईक आहे. या रीतीत ९१ मूळ आहे की नाही हे कोणाला ठाऊक असण्याची गरजच पडली नाही. फक्त भागाकार आणि बाकी एवढेच लागले. ही रीत फार जुनी आहे. युक्लिडच्या भूमितीच्या ग्रंथातील सातव्या भागात ती आहे, आणि आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात दिलेल्या कुट्टकाच्या, म्हणजे समीकरणांची पूर्णांकातली उत्तरे शोधण्याच्या, रीतीतही आधी असाच परस्पर भागाकार करावा लागतो.

सामाईक ७ सापडल्यावर पुन्हा पहिल्यापासून गणित करण्याचेही कारण नाही. जो ७ मसाविला मिळाला नव्हता, तो आता द्यावा: ४ × ७ = २८. तोच ७ लसाविमध्ये जास्तीचा होता, तो काढून घ्यावा: ३८२२० ÷ ७ = ५४६०. आता पुन्हा परीक्षा घेऊ. ३६४ ÷ २८ = १३ आणि ४२० ÷ २८ = १५. १३ आणि १५ सहमूळ आहेत. मसावि निश्चित झाला.

मसावि असा पक्का झाला, की गुणाकाराच्या ताळ्याला त्याचे खरे बळ येते. मसावि बरोबर आहे हे स्वतंत्रपणे ठरलेले असेल, तर गुणाकार जुळवणारी लसाविची किंमत एकच असू शकते, म्हणून आता गुणाकार जुळणे म्हणजे लसावि बरोबर असणे. लहान आकड्यांत तो असाही पाहता येतो: मसावि आणि दोन्ही भागाकार यांचा गुणाकार करावा. २८ × १३ × १५ = २८ × १९५ = ५४६०. आणखी एक सुंदर खूण आहे. लसाविला मूळ संख्यांनी भागले, तर तेच दोन भागाकार अदलाबदल होऊन येतात: ५४६० ÷ ३६४ = १५ आणि ५४६० ÷ ४२० = १३. मसाविच्या वेळी ३६४ समोर १३ होते, आता १५ आहेत. अशी अदलाबदल दिसली नाही, तर लसाविमध्ये चूक आहे.

वेळ अगदीच थोडा असेल, तर एक झटपट कसोटीही आहे. मसाविने त्या दोन संख्यांच्या वजाबाकीलाही निःशेष भाग गेला पाहिजे. ४२० − ३६४ = ५६, म्हणजे मसावि ५६ च्या विभाजकांपैकीच एक असणार: १, २, ४, ७, ८, १४, २८ किंवा ५६. ही कसोटी एकटी पुरेशी नाही, कारण चुकलेला ४ सुद्धा या यादीत आहे. पण ३६४ ला २८ ने भाग जातो का, एवढे जरी कोणी यादीवरून पाहिले, तरी ४ हे उत्तर टिकत नाही.

उलट प्रश्न: एक संख्या, मसावि आणि लसावि दिलेले असताना

‘दोन संख्यांचा मसावि ६, लसावि ७२, एक संख्या ३६, तर दुसरी कोणती?’ असा प्रश्न आला, की सूत्राने ६ × ७२ ÷ ३६ = १२ हे उत्तर येते. पण ३६ आणि १२ यांचा मसावि १२ आहे, ६ नाही. म्हणजे अशा दोन संख्या अस्तित्वातच नाहीत, प्रश्नच चुकीचा तयार झाला आहे, आणि सूत्राने ते लपवले. स्वतः गणिते तयार करणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी म्हणून मिळालेली दुसरी संख्या घेऊन सहमूळ भागाकारांची परीक्षा एकदा तरी करावी. लसाविला मसाविने निःशेष भाग जात नसेल, तर तर प्रश्न वाचतानाच तो बाद करता येतो.

तीन संख्या असतील तर

गुणाकाराचा नियम दोनच संख्यांसाठी आहे. तीन संख्यांवर तो लावला, तर बरोबर उत्तरही चुकीचे वाटते आणि मूल ते खोडून टाकते. १२, १८ आणि ३० घ्या. मसावि ६, लसावि १८०, दोन्ही बरोबर. पण ६ × १८० = १०८०, आणि १२ × १८ × ३० = ६४८०. जुळत नाही, आणि जुळायलाही नको, कारण आता एका स्तंभात अवयव तीनदा असू शकतो आणि तो घ्यायला मात्र मसावि आणि लसावि असे दोघेच आहेत. वाटणीत काही अवयव उरतात.

गुणाकाराचा ताळा हवाच असेल, तर तो दोन-दोन संख्यांवर करावा. १२ आणि १८ यांचा मसावि ६, लसावि ३६, आणि ६ × ३६ = १२ × १८ = २१६. आता हा ३६ आणि उरलेले ३० घ्यावेत: मसावि ६, लसावि १८०, आणि ६ × १८० = ३६ × ३० = १०८०. दोन्ही टप्पे जुळले, म्हणून लसावि १८० बरोबर. अर्थात, प्रत्येक टप्प्यातल्या मसाविची परीक्षा वर सांगितल्याप्रमाणे घ्यायलाच हवी.

भागाकारांची रीत मात्र तीन संख्यांनाही चालते, फक्त तिचा अर्थ नीट लावावा लागतो. मसाविसाठी तिन्ही संख्यांना ६ ने भागले, तर २, ३ आणि ५ येतात. या तिघांना मिळून १ शिवाय सामाईक विभाजक नाही, म्हणून मसावि बरोबर. लसाविसाठी उलट भागावे: १८० ÷ १२ = १५, १८० ÷ १८ = १०, १८० ÷ ३० = ६. इथे १५ आणि १० मध्ये ५ सामाईक आहे, १० आणि ६ मध्ये २, आणि १५ आणि ६ मध्ये ३. हे पाहून पुष्कळ जण गोंधळतात. पण दोघादोघांत काय सामाईक आहे हा प्रश्नच नाही, तिघांत मिळून काय सामाईक आहे हा प्रश्न आहे, आणि १५, १० आणि ६ या तिघांना एकाच वेळी भागणारी १ शिवाय दुसरी संख्या नाही. याउलट कोणी लसावि ३६० लिहिला असता, तर भागाकार ३०, २० आणि १२ आले असते, तिघांतही २ सामाईक दिसला असता, आणि ३६० ला त्या २ ने भागून १८० वर येता आले असते.